प्राचार्यांना लिहिलेला अर्ज कसा तपासावा: इंदूरच्या मराठी पालकांचे आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग या भागांतली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी लिहितात. मराठी लिहायची वेळ आली की वाक्य मराठी असते, पण त्याच्या आतली सवय हिंदीची असते. म्हणून इथल्या मुलांचा अर्ज तपासताना पुण्यातल्या मुलाच्या चुका शोधून भागत नाही. खालची उत्तरे एकाच अर्जाभोवती आहेत. तो आहे बहिणीच्या लग्नासाठी रजा मागणारा, नववीतल्या एका मुलीचा अर्ज. अर्ज नमुन्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक मी शिकवणीतल्या वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलेली आहे.

इंदुरात शाळेला मराठीतून अर्ज द्यायची वेळ येते तरी कधी?

रोज येत नाही. मध्य प्रदेशाची राजभाषा हिंदी आहे आणि शाळेचे कामकाज ज्या भाषेत चालते त्याच भाषेत अर्ज देणे शहाणपणाचे. हिंदी माध्यमाच्या शाळेत हट्टाने मराठी अर्ज देऊ नये. तो वाचणाऱ्या कारकुनाला मराठी येईलच असे नाही. मराठी अर्ज लागतो तो तीन ठिकाणी: मराठी मंडळींनी चालवलेल्या शाळेत, जिथे प्राचार्यच मराठी आहेत, वडिलांची बदली महाराष्ट्रात झाली आणि तिथल्या शाळेशी पत्रव्यवहार करायचा असला तर, आणि मराठी विषयाच्या परीक्षेत, जिथे अर्जलेखनाचा प्रश्न येतो. तिन्ही ठिकाणी वाचणारा मराठीचा जाणकार असतो, त्यामुळे चूक झाकून जात नाही.

नमुन्याचा चुकलेला अर्ज आधी दाखवाल का?

हा घ्या. घाईने वाचला तर ठीकच वाटतो.

> सेवेत,
> श्रीमान प्राचार्या महोदय,
> (शाळेचे नाव)
> इंदौर
>
> विषय – अवकाश पत्र
>
> आदरणिय महोदय,
>
> सविनय निवेदन आहे कि मी आपल्या शाळेत नववी ब ची विद्यार्थीनी आहे. माझ्या मोठ्या बहीणीचे लग्न नागपुर येथे होणार आहे, त्या मुळे मी ३ ते ६ डिसेंबर पर्यंत शाळेत येऊ शकणार नाही. माझ्या वडिलाना पण सुट्टी मिलाली आहे. माझी परिक्षा असल्याने मी अभ्यास भरुन काढिन. अतः मला पाच दिवसाचा अवकाश प्रदान करण्याची कृपा करा, हि विनंति.
>
> धन्यवाद।
>
> आपली आज्ञाकारी शिष्या
> क. ख. ग.
> रोल नं. २१

तपासायला सुरुवात कुठून करावी? शुद्धलेखनापासून?

नाही. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. आधी अर्जातली माहिती जुळते का ते बघा, कारण वेलांटी चुकलेला अर्ज मंजूर होऊ शकतो, तारीख चुकलेला अडकतो.

वरच्या अर्जावर लिहिल्याची तारीखच नाही. ३ ते ६ डिसेंबर म्हणजे दोन्ही टोके धरून चार दिवस, पण मागितले आहेत पाच. लग्न कोणत्या तारखेला आहे ते कुठेच नाही. शाळेत परत कधी येणार तेही नाही. वडिलांना सुट्टी मिळाली हे प्राचार्यांना कळून उपयोग काय? आणि 'माझी परीक्षा असल्याने मी अभ्यास भरून काढीन' हे वाक्य तर अर्जदाराच्याच अंगाशी येईल. वाचणाऱ्या बाई लगेच विचारतील, परीक्षा याच दिवसांत आहे का? मुलीला म्हणायचे होते की परीक्षा पुढे आहे, म्हणून अभ्यास बुडू देणार नाही. वाक्याने सांगितले भलतेच.

एवढे प्रश्न मुलाला विचारा, उत्तरे वहीच्या कडेला लिहून घ्या आणि मग मजकुराला हात लावा. दिवस मोजताना बोटांवर मोजू द्या. 'सहातून तीन वजा' करून तीन दिवस लिहिणारी मुले पुष्कळ आहेत.

'प्राचार्य' लिहावे की 'मुख्याध्यापक'?

शाळेच्या फलकावर किंवा शिक्क्यावर जे पद असेल ते. मराठी पाठ्यपुस्तकांतल्या नमुन्यांमध्ये 'मुख्याध्यापक' असते, कारण महाराष्ट्रात माध्यमिक शाळेचा प्रमुख मुख्याध्यापक आणि महाविद्यालयाचा प्रमुख प्राचार्य. आपल्याकडे मध्य प्रदेशात उच्चतर माध्यमिक शाळेच्या प्रमुखालाही 'प्राचार्य' म्हणतात. त्यामुळे इंदूरच्या शाळेला लिहिताना 'प्राचार्य' चूक नाही. नाशिकच्या किंवा पुण्याच्या शाळेला लिहिताना 'मुख्याध्यापक' करा. आणि 'मुख्यध्यापक' लिहू नका: मुख्य अधिक अध्यापक, दोन 'अ' मिळून 'आ' होतो, म्हणून 'मुख्याध्यापक'.

पदावर बाई असतील तर 'प्राचार्या' किंवा 'मुख्याध्यापिका'. मग खालचे संबोधनही 'महोदया' हवे. नमुन्यात 'श्रीमान प्राचार्या महोदय' आहे. एका ओळीत बाईंना दोनदा पुरुष केले आहे. प्राचार्य कोण आहेत ते माहीत नसेल, जसे दुसऱ्या गावच्या शाळेला लिहिताना होते, तर 'महोदय / महोदया' असे लिहिले तरी चालते.

'सेवेत' हा शब्द चुकीचा आहे का?

हिंदी अर्ज 'सेवा में' ने सुरू होतो, त्याचे हे मराठी रूप. मराठी अर्जाची सुरुवात 'प्रति,' ने होते. त्याखाली पद, शाळेचे पूर्ण नाव, गाव. पदाआधी 'मा.' लावले, म्हणजे 'माननीय', की आदर पुरेसा झाला. 'श्रीमान', 'आदरणीय' आणि 'महोदय' तिन्ही एकावर एक रचायची गरज नाही. पत्त्यात 'मा.' आणि संबोधनात 'महोदया,' एवढेच ठेवा.

गावाचे नाव मराठी अर्जात 'इंदूर'. 'इंदौर' हिंदी अर्जासाठी राखून ठेवा. शाळेच्या अधिकृत नावातच 'इंदौर' असेल तर मात्र नाव जसे आहे तसे उतरवायचे.

प्राचार्यांचे व्यक्तिगत नाव लिहू नये असे मी सांगते. अर्ज पदाला असतो. उद्या त्या रजेवर असल्या तर प्रभारी म्हणून दुसरे कुणी तो वाचेल.

संबोधनात 'प्रिय मॅडम', 'सा. न. वि. वि.', 'तीर्थरूप' यांपैकी काही चालेल?

एकही नाही. 'तीर्थरूप' आई-वडिलांसाठी. 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हा घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहायच्या पत्राचा मायना. आजीने शिकवला असेल तर तो मामाच्या पत्रासाठी ठेवा. वर्गात 'मॅडम' म्हणत असाल, तरी कागदावर 'महोदया'. पुढे स्वल्पविराम, आणि मजकूर खालच्या ओळीवर.

विषयाच्या ओळीत नक्की काय लिहायचे?

बहुतेक अर्ज इथेच पडतात. 'अवकाश पत्र' किंवा 'रजेचा अर्ज' हा विषय नव्हे. तो कागदाचा प्रकार झाला. प्राचार्यांच्या टेबलावर अर्जांची चळत असते आणि त्यांची नजर आधी विषयावर जाते. त्या एका ओळीवरून त्यांना कळायला हवे की मागणी काय, कशासाठी आणि किती. नमुन्यातला विषय असा होईल:

विषय : बहिणीच्या लग्नासाठी ३ ते ६ डिसेंबर या चार दिवसांची रजा मिळण्याबाबत

'अवकाश' ऐवजी 'रजा' का, असे मुले विचारतात. सुट्टी शाळा सगळ्यांना देते, जशी रंगपंचमीच्या गेरला मिळते. रजा एकट्याने मागून घ्यायची असते. 'अवकाश' हा त्या अर्थाने हिंदीतून आलेला आहे. मराठी वाचणाऱ्याला तो परका वाटतो, आणि तपासणारा मास्तर त्याखाली रेघ मारतोच.

'मिळणेबाबत' असेही अर्ज दिसतील, सरकारी कागदांत तर ढिगाने. तरी मुलांना 'मिळण्याबाबत' शिकवा. ए-कारान्त नामाचे सामान्यरूप या-कारान्त होते, 'करणे' चे 'करण्यासाठी' होते तसेच 'मिळणे' चे 'मिळण्याबाबत'.

विषय लिहून झाला की तो मजकुराशी ताडून बघा. विषयात चार दिवस आणि खाली पाच, असे नमुन्यात झाले असतेच. विषय नेहमी मजकूर पक्का झाल्यावर शेवटी लिहावा असे माझे मत आहे. जागा मात्र वरची सोडून ठेवावी.

'सविनय निवेदन आहे कि' याने सुरुवात केली तर बिघडले काय?

'सविनय निवेदन है कि' हे वाक्य हिंदी शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलेले असते. मराठीत त्याची गरज पडत नाही. 'मी आपल्या शाळेत इयत्ता नववी, तुकडी ब मध्ये शिकते' असे सरळ सुरू करा. 'अतः' च्या जागी 'तरी' किंवा 'म्हणून'. 'अवकाश प्रदान करण्याची कृपा करा' च्या जागी 'रजा मंजूर करावी, ही विनंती'. 'करा' आणि 'करावी' यांत फरक आहे. 'करा' म्हणजे सांगणे झाले, 'करावी' म्हणजे विनवणे. अर्जाचे शेवटचे वाक्य 'करावी', 'द्यावी', 'मिळावी' अशाच क्रियापदावर यायला हवे.

आणि अर्जात सगळीकडे 'आपण', 'आपल्या'. मध्येच 'तुमच्या शाळेत' आले की अर्ज बोलघेवडा होतो.

'कि' आणि 'की' चा घोळ कसा सोडवायचा?

इथे गंमत अशी की हिंदीत हुशार असलेले मूल जास्त चुकते. हिंदीत जोडणारा 'कि' ऱ्हस्व आणि 'राम की किताब' मधला 'की' दीर्घ, हे त्याने मार खाऊन पक्के केलेले असते. मराठीत तो भेदच नाही. मराठीत नेहमी 'की'.

यामागचा नियम एकदा समजला की निम्म्या चुका जातात. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इ किंवा उ दीर्घ लिहितात, मग शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असला तरी. हिंदी तिथे संस्कृतची ऱ्हस्व वेलांटी राखते. म्हणून हिंदी वहीत 'अनुमति', 'उपस्थिति', 'स्थिति' बरोबर, आणि मराठी वहीत 'अनुमती', 'उपस्थिती', 'स्थिती', 'विनंती' बरोबर. 'ही', 'मी', 'आम्ही' यांनाही तेच लागू. नमुन्यातला 'हि' आणि 'विनंति' दोन्ही या एका नियमाने सुधारतात.

अपवाद थोडे आहेत: 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' ऱ्हस्व. अर्जाच्या डोक्यावरचा 'प्रति' हाही ऱ्हस्वच. नियम शिकल्यावर मुले उत्साहाने 'आणी' लिहू लागतात, तेवढे सांभाळा. आणि असा शब्द समासात पुढे आला तर परत ऱ्हस्व होतो: 'अनुमती', पण 'अनुमतिपत्र'.

'बहीण' दीर्घ, मग 'बहिणीचे' ऱ्हस्व कसे?

मराठी शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ इ-ऊ चे असेल, तर प्रत्यय लागण्यासाठी शब्दाचे रूप बदलताच ते ऱ्हस्व होते. 'बहीण', 'बहिणीचे'. 'वडील', 'वडिलांना'. 'मूल', 'मुलाला'. 'वकील', 'वकिलांना'. नमुन्यातले 'बहीणीचे' याच कारणाने चूक. उलटी चूकही होते: 'वडिलांनी' बघून मूल एकटा शब्दही 'वडिल' लिहिते. एकटा असेल तर 'वडील'.

संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द या नियमातून सुटतात. 'शरीर' चे 'शरीराला' होते, दीर्घच राहते.

'नागपुर' बद्दलही इथेच सांगते. गावाच्या नावाच्या शेवटी 'पूर' आला की मराठीत तो दीर्घ: नागपूर, सोलापूर. पण 'नागपुरात' ऱ्हस्व, आणि 'नागपूरला' पुन्हा दीर्घ, कारण तिथे शब्दाचे मूळ रूप तसेच राहून 'ला' नुसता चिकटला आहे.

'विद्यार्थीनी' मध्ये चूक कोणती?

थी ऱ्हस्व हवी: 'विद्यार्थिनी'. मूळ संस्कृत शब्द 'विद्यार्थिन्' असा आहे. एकटा येतो तेव्हा 'विद्यार्थी' दीर्घ होतो, पुढे 'नी' लागला की मूळची ऱ्हस्व वेलांटी परत येते. हिंदीत मुलीला 'छात्रा' म्हणून काम भागते, त्यामुळे मुलींनी हा शब्द लिहिलेला फार क्वचित पाहिलेला असतो. त्या 'विद्यार्थी' ला 'नी' जोडून मोकळ्या होतात.

आणखी तीन शब्द अर्जांमध्ये हमखास चुकतात: 'परीक्षा' (परिक्षा नव्हे), 'आदरणीय' (आदरणिय नव्हे), आणि आजारपणाच्या अर्जात 'शारीरिक' (शारिरीक नव्हे). हे नियमापेक्षा डोळ्याने लक्षात ठेवावे.

'भरुन' आणि 'काढिन' ही वेगळी जात. 'ऊन' प्रत्यय नेहमी दीर्घ: 'भरून', 'करून', 'येऊन'. भविष्यकाळात 'काढीन', 'राहीन', 'करीन' हेही दीर्घ.

शब्द जोडून कधी लिहायचे? 'त्या मुळे' आणि 'डिसेंबर पर्यंत' ठीक वाटते.

ठीक वाटते कारण हिंदीत 'दिसंबर तक', 'शादी के लिए' असे तुकडे सुटे असतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटूनच येतात: 'त्यामुळे', 'डिसेंबरपर्यंत', 'लग्नासाठी', 'वडिलांबरोबर'. 'नववी ब ची' सारखी अडचणीची जागा टाळता येते. 'इयत्ता नववी, तुकडी ब मध्ये' असे मोकळे लिहा. आणि 'ते' आल्यावर 'पर्यंत' नकोच. '३ ते ६ डिसेंबर' म्हटले की झाले.

अनुस्वार कुठे राहतो हे पटकन कसे ओळखायचे?

दोन जागा बघा. पहिली, एकापेक्षा अधिक वस्तू असतील तिथे: 'चार दिवसांची', 'चार दिवसाची' नव्हे. दुसरी, आदर असेल तिथे. वडील एकच असले तरी आदरार्थी बहुवचन येते: 'वडिलांना', 'वडिलांचे', 'प्राचार्यांना', 'शिक्षकांनी'. हिंदीत 'पिताजी को' लिहिताना आदर 'जी' त येतो, मराठीत तो त्या एका टिंबात असतो. टिंब गळले की 'वडिलाना' होते आणि घरातले मोठे माणूस चिडते, तेही योग्यच आहे.

आजोबा म्हणतात 'नांव' आणि 'कांही' वर अनुस्वार द्यायलाच हवा. शाळा कापते. कोण बरोबर?

आज अर्ज लिहायचा असेल तर शाळा. आजोबा ज्या मराठीत शिकले त्या मराठीत ते अनुस्वार होते. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात न येणारे, केवळ व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे अनुस्वार काढून टाकले: 'नाव', 'काही', 'पाच', 'घरी'. इंदूरच्या जुन्या घरांतल्या पत्रांत, लग्नपत्रिकांत ते अनुस्वार अजून दिसतात. नातवाच्या वहीवर आजोबांनी लाल पेन चालवले तर भांडू नका. अर्जाची स्वच्छ प्रत त्यांना न दाखवता करा.

ळ, ऱ्या आणि नुक्ता: फोनवर टाइप करताना काय बघावे?

हिंदी कीबोर्ड लावून मराठी लिहिले की तीन ठिकाणी घसरते. 'ळ' च्या जागी 'ल' पडतो: 'शाला', 'मिलाली', 'वेल'. हे हाताने लिहितानाही होते, कारण हिंदी वर्णमालेत मुलांना ळ भेटतच नाही. दुसरे, 'दुसऱ्या', 'होणाऱ्या' मधला र. हिंदी सवयीने तो रफार होऊन 'दुसर्या' असा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. तिसरे, नुक्ता: 'थोड़े', 'वड़ील'. मराठीत ड, ज, फ कशाखालीही टिंब नाही.

फोनमध्ये भाषा 'मराठी' निवडली तर हे बहुतेक सुटते. संगणकावर इनस्क्रिप्ट असेल तर `Shift+n` दाबून ळ येतो. 'ऱ्या' साठी `Shift+j` ने येणारा ऱ घ्या, त्याला हलन्त लावा, मग या.

पूर्णविरामाचा दंडही तपासा. 'धन्यवाद।' मधली उभी रेघ हिंदीची, मराठीत टिंब.

शेवट कसा करावा? 'आपली आज्ञाकारी शिष्या' ऐकायला गोड वाटते.

गोड वाटते, पण मराठीत रूढ आहे 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' किंवा 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. 'शिष्या' गाण्याच्या क्लासला शोभेल. मुलगे वर्गातल्या मुलीचा अर्ज बघून उतरवतात आणि 'आपली' तसेच राहते, तेवढे बघा. 'आपला विश्वासू' पालकाने लिहिलेल्या अर्जाखाली बरा. तो अर्ज वेगळाच होतो: तिथे 'माझी मुलगी आपल्या शाळेत शिकते' असे सगळे रूप बदलायला हवे. अर्धा अर्ज मुलीच्या तोंडून आणि सही वडिलांची, असे करू नका. मुलीने लिहिला तर सही तिची, आणि खाली वेगळी ओळ 'पालकांची स्वाक्षरी'.

'लोभ असावा' नको. 'धन्यवाद' लिहिले तर चूक नाही, पण 'ही विनंती' नंतर त्याची गरज उरत नाही. 'रोल नं.' ऐवजी 'हजेरी क्रमांक'. परीक्षेत खरे नाव लिहायचे नसते. तिथे हिंदीतल्या 'क. ख. ग.' च्या जागी मराठीत 'अ. ब. क.'. खऱ्या अर्जात अर्थातच पूर्ण नाव.

सगळे दुरुस्त केल्यावर अर्ज कसा दिसतो?

> दिनांक : २८ नोव्हेंबर २०२५
>
> प्रति,
> मा. प्राचार्या,
> (शाळेचे पूर्ण नाव),
> इंदूर.
>
> विषय : बहिणीच्या लग्नासाठी ३ ते ६ डिसेंबर या चार दिवसांची रजा मिळण्याबाबत
>
> महोदया,
>
> मी आपल्या शाळेत इयत्ता नववी, तुकडी ब मध्ये शिकते. माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न ४ डिसेंबर रोजी नागपूर येथे आहे. त्यासाठी मला आई-वडिलांबरोबर नागपूरला जायचे असल्याने ३ ते ६ डिसेंबर २०२५ (बुधवार ते शनिवार) हे चार दिवस मी शाळेत येऊ शकणार नाही. सोमवार, ८ डिसेंबरपासून मी वर्गात हजर राहीन आणि बुडालेला अभ्यास मैत्रिणीच्या वह्यांवरून भरून काढीन.
>
> तरी या चार दिवसांची माझी रजा मंजूर करावी, ही विनंती.
>
> आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
> (सही)
> अ. ब. क.
> इयत्ता नववी ब, हजेरी क्रमांक २१
>
> पालकांची स्वाक्षरी : ____________

तारीख आणि सही डावीकडे की उजवीकडे, यावर घराघरांत वाद होतात. दोन्ही पद्धती दिसतात. परीक्षेत शिक्षकांनी शिकवलेली जागा धरा. एकाच अर्जात तारीख उजवीकडे आणि सही डावीकडे अशी सरमिसळ मात्र वाईट दिसते.

स्वच्छ प्रतीत चूक सापडली तर खाडाखोड चालेल?

परीक्षेत चालते: चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, वर बरोबर शब्द. अक्षरावर अक्षर गिरवू नका, तपासणाऱ्याला वेलांटी कोणती धरायची ते कळत नाही. शाळेत द्यायच्या अर्जात एखादा शब्द असा सुधारला तर हरकत नाही. पण तारीख किंवा दिवसांची संख्या खोडली असेल, पांढरा रंग लावला असेल, तर कागद नवीन घ्या. खोडलेली तारीख बघून कुणीही विचारेल की मंजुरीआधी खोडली की नंतर.

अर्ज देऊन झाला आणि मग कळले की तारीख चुकली. आता?

तोंडी सांगून भागवू नका आणि जुना अर्ज परत मागून त्यात फेरफारही करू नका. दुसरा छोटा अर्ज द्या. 'संदर्भ' ही ओळ अशा वेळी लागते. पहिल्या अर्जात तिचे काही काम नव्हते. समजा परतीचे तिकीट एक दिवस पुढचे मिळाले:

> दिनांक : १ डिसेंबर २०२५
>
> प्रति,
> मा. प्राचार्या,
> (शाळेचे पूर्ण नाव),
> इंदूर.
>
> विषय : रजेच्या अर्जातील तारखेत बदल करण्याबाबत
> संदर्भ : माझा दिनांक २८ नोव्हेंबर २०२५ चा रजेचा अर्ज
>
> महोदया,
>
> वरील अर्जात मी ३ ते ६ डिसेंबर या चार दिवसांची रजा मागितली होती. परतीच्या प्रवासाचे तिकीट ८ डिसेंबरचे मिळाल्याने मला सोमवार, ८ डिसेंबर या दिवसाचीही रजा हवी आहे. मी मंगळवार, ९ डिसेंबरपासून वर्गात हजर राहीन.
>
> तरी ८ डिसेंबरची रजाही मंजूर करावी, ही विनंती.

खाली पहिल्यासारखीच सही, नाव, इयत्ता आणि पालकांची स्वाक्षरी. दोन्ही अर्जांची एकेक प्रत, शाळेची पोच घेऊन, घरी ठेवा.